वही उघडी, वेळ मोजका



आमच्या वेरूळला पाहुणे आले की लेणी दाखवायला मलाच जावे लागते. एकूण 34 लेणी. दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीने नंबर दिलेले. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. कोणी विचारले, "दहा नंबरला काय आहे?" तर सांगणे सोपे, कारण ओळीने चालत गेले की दहावे येतेच. पण मागे एका पाहुणीने वेगळेच विचारले : "रावण कैलास पर्वत हलवतो आहे, ते शिल्प कुठे आहे?" मी म्हटले, सोळाव्यात. शेजारी उभ्या असलेल्या गाइडने दुरुस्ती केली : "मॅडम, सोळात आहे, चौदात आहे, एकवीसमध्ये आहे आणि एकोणतीसमध्येही आहे."

नंबर सगळे मला पाठ होते, तरी उत्तर मात्र गाइडकडे होते. लेण्यांची ओळ म्हणजे झाली अनुक्रमणिका. "रावण – 14, 16, 21, 29" ही झाली सूची. उर्दूत पहिलीला आपण फेहरिस्त म्हणतो आणि दुसरीला इशारिया. पुस्तकात पहिली समोर असते, दुसरी शेवटी. पुष्कळ पुस्तकांत दुसरी नसतेच, आणि शाळेत ती करायला आपण कधी शिकवतही नाही. पुस्तक उघडून द्यायच्या परीक्षेत खरा उपयोग पडतो तो या दुसरीचाच. हे मला माझ्या भाचीमुळे कळले, आणि या महिन्यात तेच सांगायचे आहे.

भाची खुलताबादची, माझ्या आपाची मुलगी. एलएलबी झाली, सनद घेतली आणि 2019 च्या सप्टेंबरमध्ये ऑल इंडिया बार एक्झामिनेशनला बसली. वकिलीची सनद मिळाली तरी दोन वर्षांच्या आत बार कौन्सिल ऑफ इंडियाची ही परीक्षा पास करावी लागते, नाहीतर वकिली पुढे चालू ठेवता येत नाही. 100 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, साडेतीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला 40 गुण लागत. मराठीतूनही देता येत असे. आणि मोठी गोष्ट म्हणजे त्या काळात पुस्तके, वह्या, गाइड, जे हवे ते आत नेता येत होते.

घरात सगळे निर्धास्त होते. दुलाभाई म्हणाले, "पुस्तक उघडून लिहायचे, त्यात काय मोठे?" पोरगी एक ट्रॉली बॅग भरून पुस्तके घेऊन गेली आणि नापास झाली.

आपाने फोनवर रडून घेतले. भाची माझ्याकडे आली तेव्हा मी तिला एकच विचारले, "बेटा, वेळ कुठे गेला?"

ती म्हणाली, "खाला, उत्तर पुस्तकात आहे हे मला माहीत होते. कोणत्या पुस्तकात तेही बहुतेक वेळा माहीत होते. पण पान सापडेपर्यंत पाच-पाच मिनिटे जायची. निम्मा वेळ संपला तेव्हा माझे तीस प्रश्न झाले होते. शेवटी तर अंदाजाने गोल काळे केले."

हिशेब करून पाहा. साडेतीन तास म्हणजे 210 मिनिटे. 100 प्रश्नांना वाटली तर एकाला दोन मिनिटे आणि सहा सेकंद. यातच प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे आणि गोल भरायचा. प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटे शोधण्यात घातली तर 42 प्रश्नांतच पेपर संपतो. म्हणजे उघड्या पुस्तकाची परीक्षा पाठांतर कमी मागते, पण त्या बदल्यात शोधण्याचा वेग मागते, आणि वेगाची तयारी तिने काहीच केली नव्हती. तिने पुस्तकांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मी मोजल्या. एकाच पुस्तकाला ऐंशीच्या वर. ऐंशी झेंडे एका काठाने लटकत असले की त्यातला हवा तो शोधणे हेच एक नवे काम होऊन बसते.

पुढची परीक्षा 2020 मध्ये व्हायची होती. कोरोनामुळे ती पुढे पुढे जात शेवटी 24 जानेवारी 2021 ला झाली. त्या लॉकडाऊनच्या महिन्यांत आम्ही दोघींनी मिळून तिची सूची तयार केली. कायदा तिचा, पद्धत माझी. मला कायद्यातले कळत नव्हते, पण शब्द लावायचे कसे हे दोन भाषा शिकवणाऱ्या बाईला कळायला हवेच.

पहिले काम पाने मोजण्याचे. तिच्या नोट्स सात-आठ वह्यांत आणि सुट्या कागदांत होत्या. त्या आम्ही तीन जाड रजिस्टरांत लावल्या : फौजदारी, दिवाणी आणि इतर. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात अक्षर आणि आकडा घातला. फौजदारीचे 62 वे पान म्हणजे फ-62. कोरे पान असले तरी त्यालाही नंबर दिला, म्हणजे पुढे त्यावर काही लिहिले तर सगळे नंबर हलत नाहीत. पानांना नंबर पडल्याशिवाय सूचीला हात लावू नये, कारण नंतर एक कागद मध्ये घातला की पुढचा प्रत्येक आकडा खोटा होतो. छापील कायद्यांसाठी मात्र पान लिहिलेच नाही, कलमाचा नंबर लिहिला. आवृत्ती बदलली की पान बदलते, कलम तिथेच राहते.

दुसरे काम चिठ्ठ्यांचे. पोस्टकार्डाचे चार भाग केले तर जेवढा होईल तेवढा कागद. एका चिठ्ठीवर एकच शब्द आणि त्याचा पत्ता. भाची नोट्स वाचत जाई आणि प्रत्येक पानापाशी थांबून स्वतःला विचारी, "या पानावरचा प्रश्न आला तर त्यात कोणता शब्द असेल?" तो शब्द चिठ्ठीवर. सगळी मेख इथे आहे. आपण सूची करताना आपल्या नोट्समधला शब्द लिहितो. परीक्षक आपल्या नोट्स वाचून प्रश्न काढत नाही.

तिची अडचण तर दुहेरी होती. पुस्तके इंग्रजीत वाचलेली, पेपर मराठीत. नोट्समध्ये तिने 'एस्टॉपेल' लिहिलेले, प्रश्नात 'विबंध' येणार. नोट्समध्ये 'डाइंग डिक्लरेशन', प्रश्नात 'मृत्युपूर्व जबाब'. नोट्समध्ये 'अँटिसिपेटरी बेल', प्रश्नात 'अटकपूर्व जामीन'. मागच्या वेळी काही प्रश्नांत शब्दच ओळखू आला नाही, मग पुस्तक उघडणार कुठे? म्हणून दोन्ही शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या. एकीवर पत्ता, दुसरीवर फक्त "पाहा".

तिसरे काम मोठ्या शब्दांना फोडण्याचे. चिठ्ठ्या जमल्यावर 'पोटगी' या एका शब्दासमोर नऊ पाने आली. नऊ पानांची यादी ही सूची नव्हे. ती नऊ पाने चाळायची म्हणजे पुन्हा पाच मिनिटे गेली. मग आम्ही ती फोडली, कोणाला आणि कोणत्या कायद्याने या हिशेबाने. तिच्या वहीत ती अशी उतरली :

पोटगी
– पत्नी, मुले, आईवडील, धर्म कोणताही : फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम 125
– हिंदू विवाह, दावा चालू असताना : हिंदू विवाह कायदा 1955, कलम 24
– हिंदू विवाह, कायमची : तोच कायदा, कलम 25
– घटस्फोटित मुस्लीम स्त्री : 1986 चा कायदा, कलम 3
– तीन तलाक दिला गेल्यास निर्वाह भत्ता : 2019 चा कायदा, कलम 5
– घरगुती हिंसाचार : 2005 चा कायदा, कलम 20
– ज्येष्ठ नागरिक, मुलांकडून : 2007 चा कायदा, कलम 4

आणि त्यांच्या त्यांच्या जागी आणखी दोन ओळी :

खावटी – पाहा पोटगी
नफका – पाहा पोटगी

'खावटी' हा शब्द आपल्या कोर्टातल्या अर्जांत नेहमी येतो. 'नफका' मी घातला, कारण आपल्या घरांत तोच शब्द तोंडी असतो आणि घाईत माणसाला घरचाच शब्द आठवतो. ओळी वाचल्या तर आणखी एक दिसेल. प्रश्नात नवरा-बायको हिंदू आहेत की मुस्लीम, दावा चालू आहे की संपला, मागणारी पत्नी आहे की म्हातारे वडील, यावर उत्तर बदलते. फोडलेली सूची पान तर दाखवतेच, शिवाय प्रश्नात काय तपासायचे तेही आठवून देते.

चौथे काम छोट्या उत्तरांचे. काही प्रश्नांचे उत्तर एक आकडाच असतो. चेक वटला नाही तर नोटीस किती दिवसांत द्यायची? इथे पान कशाला उघडायचे? सूचीतच लिहून टाकले : "चेक न वटणे, कलम 138 : बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न दिल्यास पुढे एका महिन्यात तक्रार." सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम 80, तेही तसेच. अशा सगळ्या मुदती एका वेगळ्या पानावर 'मुदती' या मथळ्याखाली पुन्हा लिहिल्या.

मग चिठ्ठ्या लावायच्या. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत अक्षरवार टाकल्या. इथे एक वाद झाला. 'क्षमा' कुठे ठेवायची, शेवटी की 'क'मध्ये? शाळेतल्या मुळाक्षरांत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, शब्दकोशात क्ष हा 'क'मध्ये आणि ज्ञ हा 'ज'मध्ये असतो. दोन्हीत चूक काही नाही, पण वहीत एकच नियम हवा आणि तो पहिल्या पानावर लिहिलेला हवा. भाचीने शाळेचा क्रम घेतला, कारण गडबडीत तिचा हात तिकडेच जाणार होता. सातशेच्या आसपास चिठ्ठ्या भरल्या. त्या लांब वहीत उतरवल्या तेव्हा 24 पाने झाली. प्रत्येक अक्षर नव्या पानावर सुरू केले आणि खाली जागा सोडली. ही जागा पुढच्या कामाला लागते.

पुढचे काम म्हणजे चाचणी, आणि बहुतेक जण नेमके हेच टाळतात. जुने पेपर समोर ठेवले आणि मी घड्याळ घेऊन बसले. प्रश्न वाचून झाल्यापासून पान उघडेपर्यंत किती वेळ, एवढेच मोजायचे. उत्तर बरोबर की चूक ते नंतर. एक मिनिटाच्या वर गेले की मी खूण करी आणि विचारी, "तू सूचीत आधी कोणता शब्द पाहिलास?" तो शब्द सूचीत नसेल तर त्याच क्षणी मोकळ्या जागेत लिहायचा. पहिल्या पेपरात अशा पुष्कळ खुणा झाल्या. तिसऱ्या-चौथ्या पेपरापर्यंत त्या थोड्या उरल्या. सूची पुरी झाली की नाही हे पानांच्या संख्येवरून कळत नाही. नवा पेपर घेतला आणि नवा शब्द लिहावा लागला नाही, की ती पुरी झाली.

चाचणीत आणखी एक दिसले. काही प्रश्नांत सूचीचा उपयोगच होत नव्हता. "अ ने ब ला अमुक म्हटले, ब ने तमुक केले, तर गुन्हा कोणता?" अशा प्रश्नात शोधायला शब्दच नसतो. ही गोष्ट कोणत्या प्रकरणातली, हे आधी डोक्यात यावे लागते. सूची पत्ता देते, ओळख देत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या कायद्याचा सांगाडा, म्हणजे कोणत्या भागात काय आहे, एवढे तिला पाठ करावेच लागले. बाकीचे वहीवर सोडले. दुसऱ्या कोणाची तयार सूची झेरॉक्स करून नेणाऱ्यांचे नेमके इथेच अडते. चिठ्ठ्या लिहिताना जे वाचन होते ते त्यांचे झालेले नसते, आणि शब्दही दुसऱ्याच्या डोक्यातले असतात.

परीक्षेच्या दिवसासाठी तिने तीन फेऱ्या ठरवल्या. पहिल्या फेरीत काहीच उघडायचे नाही. येते ते भरायचे, शोधावे लागेल त्यापुढे टिंब, काहीच कळत नाही त्यापुढे फुली. दुसऱ्या फेरीत फक्त टिंबवाले, सूची हातात घेऊन. एकाला जास्तीत जास्त तीन मिनिटे, नाही सापडले तर पुढे. तिसऱ्या फेरीत फुल्या. सरावाच्या पेपरांत साधारण 45 प्रश्न न उघडता येत होते, त्यांना 35 मिनिटे पुरत. 40 प्रश्न शोधायचे, त्यांना दोन तास. म्हणजे उरलेल्या 15 प्रश्नांसाठी 55 मिनिटे हातात राहत. गुण कापले जात नसल्याने एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हेही ठरलेले.

यावेळी बॅगेत तीन रजिस्टरे, कायद्यांची मोजकी पुस्तके आणि ती 24 पानांची वही होती. अल्हम्दुलिल्लाह, पास झाली. घरी आल्यावर म्हणाली, "खाला, गंमत अशी की पुष्कळ वेळा मी वही उघडली, ओळ पाहिली आणि पान उघडायची गरजच पडली नाही."

आता दोन गोष्टी, ज्यांच्या घरी परीक्षा आहे त्यांच्यासाठी.

बार परीक्षेचा नियम ऑक्टोबर 2021 च्या सोळाव्या परीक्षेपासून बदलला. आता वह्या-गाइड नेता येत नाहीत, फक्त टीपा नसलेले मूळ कायदे नेता येतात. मग ही मेहनत फुकट का? नाही. मूळ कायद्याच्या सुरुवातीला कलमांची यादी असते, पण ती फेहरिस्त आहे, कलमांच्या क्रमाने. 'पोटगी' शब्दावरून तिथे पोहोचायचे तर तो शब्द कोणत्या प्रकरणात आहे हे डोक्यात असायला हवे. त्यासाठी सूची घरी करायची, सराव तिच्यावर करायचा आणि परीक्षेला जाताना ती घरी ठेवायची. अर्ज भरताना त्या वर्षीची सूचना आधी वाचा. काय नेता येते यावर पूर्ण तयारी ठरते.

दुसरी गोष्ट शाळकरी मुलांची. सीबीएसईने नववीसाठी 2026-27 पासून पुस्तक उघडून द्यायच्या चाचण्यांना मान्यता दिली आहे. ज्यांची मुले त्या शाळांत आहेत त्यांनी एक धडा घेऊन बघावे. धड्याला पंधरा-वीस चिठ्ठ्या पुरतात. शब्द मुलानेच निवडू द्या, तुम्ही फक्त घड्याळ धरा. मूल आधी धड्यातली जाड अक्षरेच उतरवून काढेल. तेव्हा त्याला विचारा, "प्रश्न विचारणारा हाच शब्द वापरेल का?"

भाचीची ती वही अजून तिच्या टेबलावर आहे. 1 जुलै 2024 ला फौजदारी कायदे बदलले. खुनाच्या शिक्षेचे 302 आता भारतीय न्याय संहितेत 103 झाले, पोटगीचे 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झाले, अटकपूर्व जामिनाचे 438 तिथेच 482 झाले. ज्यांनी नंबर पाठ केले होते त्यांना ते नव्याने पाठ करावे लागले. तिने वहीत लाल शाईने आणखी एक रकाना ओढला आणि जुन्या नंबरासमोर नवा लिहिला. शब्द एकही बदलावा लागला नाही. कोर्टात येणारी बाई आजही पोटगीच मागते. कलम 144 मागत नाही.